जामीन मंजूर झाल्यावरचे अठ्ठ्याण्णव दिवस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारागृहांतल्या गर्दीवरची आपली बातमी वाचली. नवी कारागृहं बांधा, बराकी वाढवा, अशी मागणी तिच्यात आहे. मी कारागृह अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. पन्नास माणसांच्या बराकीत सव्वाशे माणसं झोपवण्याचं काम केलं आहे, त्यामुळे बराकी हव्यात हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. पण बांधकामाच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. आत असलेल्यांपैकी कोणाला न्यायालयाने बाहेर जायची परवानगी आधीच दिलेली आहे? कारण असे लोक आत आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या कारागृहांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंद्यांपैकी तिघांचा खटला अजून संपलेला नव्हता. या कच्च्या कैद्यांमध्येच जामीन मंजूर होऊनही गजाआड राहिलेला एक गट असतो. त्याच गटातल्या एका माणसाचं प्रकरण मी इथे सविस्तर मांडतो. ओळख पटू नये म्हणून त्याचं नाव, जिल्हा आणि न्यायालय सांगत नाही.

हा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून बांधकामावर मजुरीला आलेला, वय पस्तिशीच्या आत. साइटवरची तांब्याची वायर चोरल्याचा आरोप होता. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 379, म्हणजे साधी चोरी. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. आधीचा एकही गुन्हा नावावर नाही. 12 फेब्रुवारी 2024 ला अटक झाली, पोलीस कोठडी संपून तो आमच्याकडे आला आणि 4 मार्चला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन मंजूर केला. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाने अर्ज केला होता आणि तो व्यवस्थित केला होता. इथपर्यंत कोणाबद्दल तक्रार करावी असं काही नाही.

आदेशाची शेवटची ओळ अशी होती: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक, ऐपतदार जामीनदार. त्याचे पुढचे अठ्ठ्याण्णव दिवस या ओळीतल्या ‘स्थानिक’ आणि ‘ऐपतदार’ या दोन अटींनी खाल्ले.

पहिला आठवडा तर आपल्याला जामीन झाला आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्याला न्यायालयात नेलंच नव्हतं. पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, म्हणजे व्हीसीवर, उभं केलं होतं. व्हीसीच्या खोलीत बाकावर दहा-बारा जण बसलेले असतात, पडद्यावर नाव पुकारलं की उठायचं, तीस-चाळीस सेकंदांत पुढची तारीख ऐकायची आणि परत बसायचं. त्याने फक्त तारीख ऐकली. आदेशाची प्रत दुसऱ्या दिवशी ईमेलने कार्यालयात आली, कारकुनाने संगणकावर जामिनाची तारीख भरली आणि कागद त्याच्या वॉरंटाला जोडला गेला. आठवड्याच्या फेरीत मी त्याच्यापुढे थांबलो आणि म्हणालो, “अरे, तुझा जामीन झालाय. घरी कळवलंस का?” तो म्हणाला, “साहेब, झालाय तर मग मी इथे कसा?”

याचं उत्तर द्यायचं तर जामीनदार नावाची व्यवस्था समजून घ्यावी लागते. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः दिलेलं वचन. मी तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर इतकी रक्कम भरीन. ते तो कारागृहातूनही लिहून देऊ शकतो. जामीनदार मात्र तिसरा माणूस असतो आणि त्याला न्यायालयात प्रत्यक्ष यावं लागतं. ओळखपत्र, रेशनकार्ड, फोटो हे ठीक आहे. खरी अडचण ऐपत दाखवण्याची असते. सातबारा, घरपट्टीची पावती किंवा कायम नोकरीची पगारचिठ्ठी लागते, आणि न्यायालयाने मागितला तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही आणावा लागतो. मग कागदांची पडताळणी. जामीनदार बाहेरच्या जिल्ह्यातला असेल तर पडताळणीचं पत्र त्या जिल्ह्यात जातं आणि तिकडून उत्तर येईपर्यंत आरोपी आत.

या माणसाचा भाऊ गावाकडे होता. सातबारा वडिलांच्या नावावर, त्यात चुलत्यांचीही नावं, आणि इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. अशा उताऱ्यावर ऐपत सिद्ध होत नाही. तरीही भाऊ दोनदा आला. पहिल्या वेळी न्यायाधीश साहेब रजेवर होते. दुसऱ्या वेळी ‘स्थानिक जामीनदार आणा’ असं सांगून त्याला परत पाठवलं. ज्या शहरात हा मजूर कामाला आला होता तिथे त्याला ओळखणारी माणसं दोनच प्रकारची होती. एक बरोबरचे मजूर, ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही. दुसरा ठेकेदार, आणि तोच फिर्यादी.

न्यायालयाच्या आवारात भाडोत्री जामीनदार मिळतात हे प्रत्येक वकिलाला माहीत आहे. एकच सातबारा घेऊन तीच माणसं वेगवेगळ्या आरोपींसाठी उभी राहतात. याआधी किती जणांना जामीन राहिलो हे जामीनदाराने जाहीर केलं पाहिजे, अशी तरतूद कायद्यात करावी लागली ती याच धंद्यामुळे. भावाला तिथे सहा हजार सांगितले. त्याच्याकडे नव्हते, आणि नव्हते हे एका अर्थी बरंच झालं. पण यातून एक गोष्ट दिसते. पैसेवाल्याला ही अट अडवत नाही, कारण तो जामीनदार विकत घेतो. ती अडवते फक्त खऱ्या गरिबाला.

न्यायव्यवस्थेला हे कळलेलं नाही असं म्हणता येणार नाही. 1978 साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात एका गवंड्याची हीच कहाणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि त्या गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. त्यानंतर 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने थेट कारागृहांसाठी आणि न्यायालयांसाठी सूचना दिल्या. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने अधीक्षकाकडे जावी. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. त्यांनी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण शोधावी. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेऊन अटी सैल करायच्या का याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, असंही त्या आदेशात स्पष्ट लिहिलेलं आहे.

आमच्या प्रकरणात या सूचनांचं काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण सुधारणा नेमकी कुठे हवी ते त्यातूनच दिसेल.

सातव्या दिवशी, 11 मार्चला, प्राधिकरणाला आमचा ईमेल गेला. चार दिवसांत विधी स्वयंसेवक आला. चांगला मुलगा होता, त्याने भावाला फोन लावला, सातबाऱ्याची भानगड समजून घेतली आणि अहवाल दिला: कुटुंब गरीब, स्थानिक जामीनदार मिळणं अशक्य. सूचनेप्रमाणे झालं ते इथपर्यंतच. अहवाल प्राधिकरणाच्या फायलीत राहिला. एप्रिलच्या सुरुवातीला महिना भरला, पण न्यायालयाने स्वतःहून काही केलं नाही. यात न्यायाधीशांचा दोष मी मानत नाही. दंडाधिकाऱ्यांच्या बोर्डावर रोज शंभरावर प्रकरणं असतात. जामीन मंजूर झाला की त्यांच्या दृष्टीने तो अर्ज निकाली निघतो आणि मूळ खटला पुढच्या तारखेपर्यंत कपाटात जातो. जो कागद टेबलावर नाही, तो स्वतःहून हाती घेणार कसा?

मग आम्ही दुसरा रस्ता धरला. गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने 2023 मध्ये एक योजना आणली. तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद होती. निर्णय जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव, कारागृह अधीक्षक आणि जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले न्यायाधीश यांची समिती तेव्हा घेत असे. योजना चांगल्या हेतूने आली आहे आणि ती बंद व्हावी असं मी कधीच म्हणणार नाही. या प्रकरणात मात्र ती दोन ठिकाणी अडली. पहिलं कारण त्या वर्षापुरतं होतं. लोकसभेची निवडणूक लागली होती, जिल्हाधिकारी निवडणूक अधिकारी होते आणि समितीची बैठकच लागेना. दुसरं कारण कायमचं आहे. योजना पैसे देते आणि न्यायालयाने माणूस मागितला होता. ‘ऐपतदार जामीनदार’ असा आदेश असताना समितीने पंधरा हजार मंजूर केले तरी ते भरणार कशाच्या बदल्यात? त्यासाठी आधी न्यायालयाकडून आदेश बदलून घ्यावा लागतो, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या म्हणून. कायद्यात तशी सोय आहे, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 445, आजच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 490. पण वकील म्हणत होते, पैसे मंजूर झाल्यावर अर्ज करू. समितीचं कार्यालय म्हणत होतं, रोख भरायचा आदेश आणा, मग प्रस्ताव ठेवू. दोन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर होती आणि मधे माणूस बसून होता.

मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागली. त्याच सुमाराला तो मला म्हणाला, “साहेब, मी गुन्हा कबूल करतो. मग सोडतील ना?”

या वाक्याकडे वाचकांनी नीट पाहावं अशी माझी विनंती आहे. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. तीन महिने आत काढलेल्या माणसाने साध्या चोरीची कबुली दिली, तर न्यायालय बहुतेक वेळा भोगली तेवढीच शिक्षा देऊन त्याला त्याच दिवशी मोकळं करतं. निर्दोष म्हणून लढायचं तर आत राहायचं आणि दोषी म्हटलं तर घरी जायचं, अशी ती निवड होती. वायर त्याने चोरली होती की नाही हे मला माहीत नाही. ते ठरवणं माझं काम नव्हतं. पण खटला न चालताच ते ठरण्याची वेळ आली होती, आणि तेही जामीनदार मिळत नाही एवढ्याच कारणाने.

शिवाय या कबुलीची किंमत नंतर चुकवावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने पहिल्यांदाच आरोपी झालेल्यांना मोठी सवलत दिली आहे. जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की न्यायालयाने त्यांना जामीनदाराशिवाय, फक्त स्वतःच्या बंधपत्रावर सोडायचं. पण ही सवलत पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यालाच मिळते. सुटण्यासाठी कबुली दिलेला मजूर पुढे कधी अडकला तर सराईतांच्या रांगेत उभा राहतो. आमच्या वकिलांनी त्याला हे समजावलं, आणि तो थांबला. किती जण थांबत नाहीत याची नोंद कुठेच होत नाही.

सुट्टी संपल्यावर वकिलांनी अटीत बदल करण्याचा अर्ज दिला. स्वयंसेवकाचा मार्चमधला अहवाल त्याला जोडला. न्यायाधीशांनी तो वाचला आणि पहिल्याच सुनावणीत जामीनदाराची अट काढून पाच हजार रोख भरायला सांगितले. भावाने उसने आणून ते भरले. 10 जूनच्या संध्याकाळी सुटकेचा आदेश आला आणि तो बाहेर पडला. जामीन मंजूर होऊन अठ्ठ्याण्णव दिवस झाले होते. ज्या कागदावर तो सुटला, तो कागद मार्चच्या मध्यापासून तयार होता.

आता माझी मागणी. ती एकच आहे आणि तिच्यासाठी नवा सिद्धान्त शोधायची गरज नाही, कारण ती कायद्यात अर्धी लिहिलेली आहे. जामीनपात्र गुन्ह्यांसाठी 2005 च्या दुरुस्तीपासून असा नियम आहे की अटकेनंतर आठवडाभरात ज्याला जामीनदार देता आला नाही, तो गरीब आहे असं न्यायालयाने गृहीत धरावं आणि त्याला जामीनदाराशिवाय बंधपत्रावर सोडावं. नव्या संहितेच्या कलम 478 मध्ये तो नियम कायम आहे. चोरीसारखा गुन्हा मात्र सहसा अजामीनपात्र, त्यामुळे त्याला हा नियम लागत नाही. पण एकदा न्यायालयाने सगळा विचार करून जामीन दिला, म्हणजे या माणसाला बाहेर ठेवायला हरकत नाही असं ठरवलं. त्यानंतर आठवड्याभरात जामीनदार न मिळण्याचं कारण दोन्हीकडे एकच असतं, ते म्हणजे गरिबी. तेव्हा जामीन मंजूर झालेल्या प्रत्येक बंद्याला हेच आठवड्याचं गृहीतक लावा. आणि सातव्या दिवशी अधीक्षकाने पाठवलेलं पत्र प्राधिकरणाबरोबर थेट त्या न्यायालयात जाऊ द्या आणि ते अटीत बदलाचा अर्ज म्हणून बोर्डावर लागू द्या. हेही नवीन नाही. कलम 479 मध्ये मुदत भरलेल्या बंद्यासाठी न्यायालयाला लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्यानेच अधीक्षकावर टाकली आहे. तीच जबाबदारी इथे टाका. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य विधिमंडळही अशी दुरुस्ती करू शकतं.

यावर येणारा आक्षेप मी नोकरीभर ऐकला आहे. जामीनदार नसेल तर आरोपी पळून जातील. पळणारे असतात, हे मी नाकारत नाही. पण माझ्या पाहण्यात जे पळाले त्यांच्यामागे बहुतेक वेळा कागदोपत्री पक्का जामीनदार होता, आणि तो त्या आवारातला भाडोत्री होता. माणसाला बांधून ठेवतं ते त्याचं घर, पोरांची शाळा, कामाची जागा. स्वयंसेवकाच्या दोन पानी अहवालात हे सगळं असतं. न्यायालयाला शंका असेल तर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरीची अट घालता येते. आणि जिथे जामीन देणंच धोक्याचं आहे, तिथे तो नाकारायचा अधिकार न्यायालयाला आहेच. जामीन द्यायचा आणि पुरी न होणारी अट लावून माणूस आत ठेवायचा, हा मधला मार्ग कायद्याला अपेक्षित नाही. जामिनाची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी नसावी, असं कायदा स्वतःच सांगतो.

एक खबरदारी मात्र सांगायला हवी. जामीन होऊनही आत असलेला प्रत्येक जण गरिबीमुळेच अडकलेला असतो असं नाही. काहींवर दुसरा गुन्हा असतो आणि त्यात जामीन झालेला नसतो. अशांना एका जामिनाचा आदेश सोडवू शकत नाही आणि सोडवूही नये. काहींच्या घरचेच त्यांना बाहेर आणायला तयार नसतात, विशेषतः फिर्यादी बायको किंवा आई असेल तेव्हा. तिथे बंद्याचं ऐकून घेतल्याशिवाय काही करता येत नाही. ही वर्गवारी वॉरंट पाहून आणि बंद्याशी दहा मिनिटं बोलून होते. पण ती व्हायला आधी यादी हवी.

आणि यादीसाठी कायदा बदलायचीही वाट पाहायला नको. कारागृहाच्या कार्यालयात एक फलक असतो. अधिकृत क्षमता, एकूण बंदी, पक्के, कच्चे, पुरुष, महिला हे आकडे सकाळच्या मोजणीनंतर त्यावर खडूने बदलले जातात. येणारा प्रत्येक वरिष्ठ अधिकारी, पाहणीला आलेले न्यायाधीश, सगळे आधी तो फलक वाचतात आणि त्यावरच प्रश्न विचारतात. त्या फलकावर एक रकाना वाढवा: जामीन मंजूर, सात दिवसांहून अधिक आत. तारखा संगणकात भरलेल्याच असतात, त्यामुळे आकडा काढायला पाच मिनिटं पुरतात. कारागृह विभागाने एका परिपत्रकाने हे उद्यापासून सुरू करावं, आणि आपल्या वार्ताहरांनी नव्या बराकींबरोबर हा आकडाही दर महिन्याला मागावा.

ज्यांचं माणूस आज आत आहे त्यांनी जामिनाच्या आदेशाची प्रत हातात घेऊन शेवटची ओळ वाचावी. जामीनदार मिळण्यासारखा नसेल तर महिना जाऊ देऊ नये. वकिलाकडून अटीत बदलाचा अर्ज लगेच करून घ्यावा आणि त्याला प्राधिकरणाच्या स्वयंसेवकाचा अहवाल जोडायला सांगावं. वकील नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे तो विनामूल्य मिळतो.

आपला,
एक निवृत्त कारागृह अधीक्षक